लपवलं, तरी दिसतंय!

‘ब्रेकअपला दोन महिने झाले. आमचे फोटो हाइड केले, तरी लोकांना दिसतायत. सगळं डिलीट करून मोकळी होऊ का?’

माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींकडून हा प्रश्न वारंवार ऐकायला मिळतो. त्यांतली ही एक.

“नेमकं काय दाबलंस?”

“फेसबुकवर Hide from profile. काल मैत्रिणीने त्याच फोटोवर कॉमेंट टाकली. मला धडधडायलाच लागलं.”

या पर्यायाने पोस्ट फक्त आपल्या प्रोफाइलवरून जाते. ज्यांच्यासाठी ती शेअर केलेली असते, त्यांना फीडमध्ये आणि सर्चमध्ये ती दिसू शकते. तिचे निम्मे फोटो तर त्याने टाकलेले होते, तिला फक्त टॅग केलेलं. दुसऱ्याची पोस्ट आपल्याला ना अर्काइव्ह करता येते, ना डिलीट. स्वतःचा टॅग काढता येतो, एवढंच. पोस्ट त्याच्या प्रोफाइलवर राहते.

इन्स्टाग्रामवर तिने वेगळीच युक्ती केली होती. तीन नव्या पोस्ट पिन केल्या, म्हणजे जुने फोटो खाली जातील. पिनने क्रम बदलतो, पण कुणी खाली स्क्रोल केलं की सगळं जागच्या जागी सापडतं.

पुढच्या सत्रात मी विचारलं, “हे फोटो तुला नकोत, की लोकांनी बघायला नकोत?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लोकांनी. मला अजून ठरवता येत नाहीये.”

तिच्या प्रश्नाची गाठ इथे सुटली. लाज आणि दुःख यांतली लाज घाईची असते, ती एका रात्रीत सगळं पुसायला लावते. दुःखाला वेळ लागतो. म्हणून भावना चढलेली असताना परत फिरता येईल असंच पाऊल उचलावं, असं मी मानते. अर्काइव्ह तसं पाऊल आहे. पोस्टवरच्या तीन टिंबांवर जाऊन Archive निवडलं की ती फक्त आपल्यालाच दिसते, लाइक-कॉमेंट्स शाबूत राहतात आणि परत आणली तर प्रोफाइलवर जुन्याच जागी बसते.

डिलीटलाही थोडी सवड असते. इन्स्टाग्रामवर पोस्ट Recently deleted मध्ये, फेसबुकवर ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते. मुदत संपली की कॉमेंट्ससकट गेली. आणि कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तर अर्काइव्ह काय नि डिलीट काय, त्याच्यापुढे दोन्ही हतबल.

तिने स्वतःचे फोटो अर्काइव्ह केले, त्याच्या पोस्टवरचे टॅग काढले. एक अडचण मात्र उरली: रात्री अर्काइव्ह उघडून बघत बसणं. त्यावर आम्ही ठरवलं की सहा आठवडे ते उघडायचं नाही, मग दिवसा, एकदाच बघायचं आणि एकेका फोटोचं ठरवायचं.

सहा आठवड्यांनी तिने अकरा फोटो डिलीट केले. दोन ठेवले.