टीझरमध्ये अडचण पूर्ण दाखवा, उत्तर अर्धंच दाखवा

प्रश्न: घरातली बिलं आणि वॉरंटी कार्डं सांभाळणारं आमचं मोबाईल अ‍ॅप लवकरच येतंय. बिलाचा फोटो काढून ठेवणं, हवं ते बिल झटकन शोधणं, वॉरंटी संपायच्या आधी आठवण आणि घरच्यांसोबत शेअर करणं, अशी चार फीचर्स आहेत. टीझर लिहायला बसलो की एकतर सगळं सांगून टाकतो, नाहीतर कुणाला काहीच कळत नाही. सगळं न दाखवता उत्सुकता वाढेल अशी स्क्रिप्ट कशी लिहायची?

उत्तर:

चारपैकी एकच फीचर घ्या आणि त्याचाही फक्त परिणाम दाखवा. अडचण पूर्ण दिसू दे, ती सुटलेली दिसू दे, पण कशी सुटली ती मधली पायरी कापून टाका. मी अ‍ॅपसाठी टीझर लिहिते आणि माझ्या कामाचा बराचसा वेळ ही कापायची जागा शोधण्यातच जातो.

बहुतेकजण उलटं करतात. अडचण झाकतात आणि अंधारातून चमकत येणारा लोगो दाखवून ‘काहीतरी मोठं येतंय’ असं लिहितात. १९९४ मध्ये जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकानं कुतूहलाबद्दल एक मांडणी केली होती: आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यायचं आहे, यांतली दरी जाणवली की कुतूहल जागं होतं. म्हणजे आधी काहीतरी ठाऊक व्हायला हवं. ज्या गोष्टीबद्दल काहीच माहीत नाही तिच्याबद्दल माणसाला प्रश्नच पडत नाही, तो पुढच्या व्हिडिओकडे जातो.

इथे कुणीतरी पहिल्या आयफोनच्या जाहिरातीचा दाखला देईल. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्कर सोहळ्याच्या प्रक्षेपणात ती दाखवली गेली. चित्रपट-मालिकांमधली माणसं एकामागून एक फोन उचलून ‘हॅलो’ म्हणतात, आणि अगदी शेवटी तो फोन व ‘जूनमध्ये येतोय’ एवढंच. फीचर एकही नाही. पण त्या जानेवारीतच स्टीव्ह जॉब्सनं मंचावरून तो फोन जगाला दाखवला होता. दरी आधीच तयार होती, जाहिरातीनं ती फक्त जागी ठेवली. तुमचं अ‍ॅप कुणाला माहीत नाही, त्यामुळे ती दरी तुमच्या टीझरलाच तयार करावी लागेल, तीही वीसेक सेकंदांत.

आता फीचर कोणतं घ्यायचं? माझी कसोटी अशी की ज्याचा परिणाम फोनचा पडदा न दाखवताही माणसाच्या हातातून किंवा चेहऱ्यावरून कळतो, ते. फोटो काढून ठेवणं ही कृती आहे, तिचा परिणाम त्या क्षणी दिसत नाही. वॉरंटीची आठवण उपयोगी आहे, पण तिचं मोल कळायला काही महिने उलटलेले दाखवावे लागतील. शेअर करण्यासाठी दोन माणसं आणि दोन जागा लागतात, तेवढी ऐसपैस जागा टीझरमध्ये नसते. बिल झटकन सापडणं मात्र लगेच दिसतं, कारण शोधणारे हात थांबतात. तुमचा टीझर याच फीचरचा.

उभ्या चौकटीसाठी २२ सेकंदांची स्क्रिप्ट मी अशी लिहीन.

० ते ३ सेकंद. जवळून: एक हात टेबलाचा खण ओढतो. आत कोंबलेले कागद. आवाज फक्त कागदांचा. पडद्यावर अक्षरं: ‘बिल इथेच कुठेतरी ठेवलं होतं.’

३ ते ९ सेकंद. हात कागद उलटेपालटे करतात. स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून सर्व्हिस सेंटरचा आवाज: ‘खरेदीची तारीख सांगता का?’ एक पावती सापडते. उजेडात धरली तर तिच्यावरची अक्षरं उडालेली, जवळजवळ कोरी.

९ ते १३ सेकंद. कागदांचा आवाज थांबतो. ती व्यक्ती फोन हातात घेते. आपल्याला फोनची पाठ दिसते, अंगठा हलतो, चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडतो. एक छोटा, स्वच्छ ध्वनी.

१३ ते १७ सेकंद. ती शांतपणे म्हणते, ‘१२ मार्च. वॉरंटी अजून दोन महिने आहे.’ दुसऱ्या हातानं खण बंद करते.

१७ ते २२ सेकंद. साधी पार्श्वभूमी. अक्षरं: ‘कागद शोधणं आता पुरे.’ मग अ‍ॅपचं नाव, आयकॉन आणि ‘नावनोंदणी सुरू’.

यातल्या कोऱ्या पावतीवर मी सगळ्यात जास्त विसंबून आहे. दुकानातल्या मशीनमधून येणारी पावती बहुतेकदा शाईनं छापलेली नसते. त्या कागदावरचा थर उष्णतेनं काळा पडतो, म्हणून ऊन लागलं किंवा बराच काळ गेला की अक्षरं फिकी होत जातात. ज्यानं बिल जपून ठेवलं आणि ऐनवेळी कोरा कागद हातात आला, त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. शिवाय यातून एक सूचना जाते: कागद नीट जपणं हा यावरचा उपाय नाही. हे व्हॉइसओव्हरमधून सांगायला दोन वाक्यं लागली असती.

आणि कापलेली जागा पाहा. त्या व्यक्तीला तारीख कळली हे दिसतं, पण अ‍ॅपला ती कशी कळली? बिल आत गेलं कधी? वॉरंटीचे महिने कुणी मोजले? बघणाऱ्याच्या मनात नेमके हे प्रश्न यावेत अशी रचना आहे, कारण त्यांची उत्तरं म्हणजे तुमची उरलेली फीचर्स. झाकलेली गोष्ट अशी हवी की दाखवलेल्या गोष्टीकडे पाहून तिच्याबद्दल विचारावंसं वाटेल. नुसतीच लपवलेली फीचर्स कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

फोनची पाठ दाखवण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. प्रकाशनापर्यंत बटणं, रंग, मांडणी बदलत राहतात आणि जुना पडदा दाखवलेला टीझर मात्र फिरत राहतो. पण काहीच खरं दाखवलं नाही तर अ‍ॅप अजून तयारच नाही अशी शंका येते, म्हणून तो छोटा ध्वनी अ‍ॅपमधलाच घ्या. पुढे अ‍ॅप वापरताना तोच ऐकू आला की लोकांना ओळख पटते.

९ ते १३ सेकंदांच्या त्या तुकड्यात प्रामाणिकपणा सांभाळा. तुमच्या अ‍ॅपमध्ये बिल शोधायला नाव टाइप करावं लागत असेल, चार वेळा बोट लावावं लागत असेल, तर एकाच अखंड शॉटमध्ये अंगठ्याच्या एका हालचालीत काम झालेलं दाखवू नका. मध्ये कट घ्या. हातावरून चेहऱ्यावर गेलात की वेळ गेला हे बघणारा समजून घेतो. अखंड शॉट हे मात्र वचन असतं, आणि पहिल्या दिवशी अ‍ॅप उतरवणारा माणूस तेच तपासतो. तसंच, जे फीचर पहिल्या आवृत्तीत नक्की असणार नाही त्याची सूचनाही देऊ नका.

बरेच लोक हे आवाज बंद ठेवून बघतील. म्हणून दोन्ही संवाद अक्षरांतही द्या आणि प्रत्येक ओळ सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ती पडद्यावर ठेवा. जास्त ओळी मावत नसतील तर शब्द कमी करा, वेळ नको. अक्षरं चौकटीच्या तळाशी नकोत, उभ्या व्हिडिओत तिथे मथळा आणि बटणं येतात.

चित्रीकरणाआधी स्क्रिप्ट तपासा. फोनवर ओबडधोबड शूट करा आणि अ‍ॅपबद्दल काहीही न ऐकलेल्या चार-पाच जणांना एकेकट्यानं दाखवा. दोनच प्रश्न विचारा: ‘हे कशाबद्दल आहे?’ आणि ‘तुम्हाला आता काय विचारावंसं वाटतंय?’ पहिल्याची उत्तरं चार दिशांना गेली तर तुम्ही जास्त झाकलंय. दुसऱ्यावर ‘काही नाही, कळलं’ असं आलं तर जास्त दाखवलंय. तिसरी शक्यता जास्त फसवी असते: लोक उत्सुक असतात, पण भलत्याच गोष्टीबद्दल. हाच टीझर बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या दृश्यानं सुरू केला, तर बघणारा हमखास विचारेल, ‘दुरुस्तीला माणूस किती वेळात येतो?’ म्हणून मी मशीन दाखवलंच नाही आणि खणापासून सुरुवात केली. पहिल्या तीन सेकंदांत जी वस्तू दिसते तोच विषय आहे असं लोक धरून चालतात.

‘आवडला का?’ असं मात्र विचारू नका. ओळखीची माणसं हो म्हणतात आणि त्यातून काहीच हाती लागत नाही.

आता टीझर बघून माणूस जातो कुठे, तेही स्क्रिप्ट लिहितानाच ठरवा. गुगल प्लेवर पूर्वनोंदणी आणि अ‍ॅप स्टोअरवर प्री-ऑर्डर अशी सोय आहे, पण दोन्हीकडे अ‍ॅपच्या पानावर स्क्रीनशॉट आणि वर्णन असतं. तिथे चारही फीचर्स मांडलीत तर टीझरनं राखलेलं सगळं एका बोटाच्या अंतरावर उघडं पडतं. म्हणून सुरुवातीला फक्त ईमेल किंवा फोन नंबर घेणाऱ्या साध्या पानावर पाठवा, आणि प्रकाशन जवळ आलं की स्टोअरचं पान उघडा. अ‍ॅपलकडे प्री-ऑर्डर सुरू करण्याआधीही अ‍ॅप तपासणीतून मंजूर व्हावं लागतं, त्यामुळे शेवटच्या कार्डावर तारीख मंजुरीनंतरच घाला. तोवर ‘नावनोंदणी सुरू’ पुरेसं आहे.

हाच व्हिडिओ अ‍ॅप स्टोअरवर प्रीव्ह्यू म्हणून लावायचा विचार असेल तर तो सोडा. तिथे १५ ते ३० सेकंदांचा व्हिडिओ चालतो, पण तो अ‍ॅपच्याच पडद्यावरून रेकॉर्ड केलेला लागतो. फोन धरलेले हात, खण, माणसं तिथे चालत नाहीत. तो वेगळाच करावा लागेल, आणि त्याची सुरुवात टीझरनं जिथे कापलं तिथून करा: पावती कॅमेऱ्यासमोर येते, तारीख उचलली जाते, वॉरंटीचे महिने समोर दिसतात. आठवण आणि शेअरिंग त्याच्यानंतर, उरलेल्या सेकंदांत.