९४, ८८, ६६

“मॅडम, इंग्लंडहून एमएससी करून आले, पण एक वर्षाची डिग्री म्हटल्यावर इथे कुणी विचारत नाही. समकक्षतेचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय अर्ज तरी कुठे करू?”

परदेशातून परतलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता आधी एकच विचारते, “सर्टिफिकेट मागितलं कुणी?”

सांगलीकडची ही मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तसं कुणीच नाही.” संख्याशास्त्रात बीएससी, ब्रिटनमधून डेटा सायन्समध्ये एमएससी, आणि अर्ज पुण्यातल्या खासगी कंपन्यांत. तिथे एचआरला समकक्षता, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, नको असते, पदवी खरी आहे एवढीच खात्री हवी असते. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘हेड’ नावाची अधिकृत सेवा आहे. उमेदवाराची संमती घेऊन त्यावरून पडताळणी होते.

समकक्षता लागते ती नेट-सेट, पीएचडी प्रवेश, प्राध्यापकी आणि सरकारी नोकरी इथे. आजवर ती भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू देत आला आहे. एक वर्षाची ब्रिटिश मास्टर्स तिथे वर्षानुवर्षे अडत असे, कारण आपली दोन वर्षांची. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्परमान्यतेचा करार झाला आणि ही वाट मोकळी झाली. गावाकडचे काका-मामा अजून त्याआधीचंच ऐकवतात. पुढे एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीनेही याबाबत स्वतंत्र नियम काढले, म्हणून अर्जाआधी दोन्हींची संकेतस्थळं बघावीत. इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा आणि आर्किटेक्चर यांच्या पदव्या त्या करारात नाहीत. वैद्यक, कायदा यांसारख्या व्यवसायांत त्या-त्या परिषदेचे नियम पाळावे लागतात.

एवढं सांगून झाल्यावरही तिचा चेहरा उतरलेलाच होता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणूस घटनेने जेवढा खचतो, त्याहून अधिक त्या घटनेला लावलेल्या अर्थाने खचतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तिचा बायोडेटा मागितला. शिक्षणाच्या तीन ओळी एकाखाली एक होत्या: दहावी ९४ टक्के, बीएससी ८८, एमएससी ६६.

“हे बघून काय वाटतं?”

“घसरण.” डोळे भरून आले. “बाबांनी कर्ज काढलं, आणि मी ६६ आणले.”

“तुमच्या वर्गात सत्तरच्या वर किती जण होते?”

“चार-पाच.”

“किती जणांतून?”

“साठेक असू.” मग ती थांबली. बोलता बोलताच तिला उलगडत होतं. तिकडे बहुतेक ठिकाणी पन्नासला उत्तीर्ण, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन. ६६ म्हणजे मेरिट. पण तिने तो आकडा आपल्या फूटपट्टीने मोजला होता, आणि बायोडेटा चाळणाऱ्यालाही तीच फूटपट्टी हातात दिली होती.

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. समकक्षतेचा कागद तिला मालकांसाठी हवा नव्हता. आपण कमी पडलो नाही, हे कुणीतरी शिक्का मारून सांगावं, असं तिला वाटत होतं. अर्ज थांबले होते ते त्यापायी. अशी गाठ दिसायला पुष्कळ ऐकावं लागतं आणि ती सापडल्याचं समाधान मला आहे.

मग आम्ही ती ओळ बदलली: ‘एमएससी, मेरिट (६६, डिस्टिंक्शन ७० पासून), १८० क्रेडिट, त्यांपैकी ६० प्रबंधाचे’. तिथे एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास, म्हणजे वर्षाला १८०० तास. “एका वर्षात काय शिकलीस?” याला हे सरळ उत्तर आहे. प्रबंधात दवाखान्यातल्या गैरहजर रुग्णांचा अंदाज बांधला होता, ते पानाच्या तळाशी होतं. वर आणलं.

उरला मालकांचा खरा प्रश्न: “परत का आलात?” त्यामागे दोन शंका असतात. ही पुन्हा उडून जाईल का, आणि पौंडांत पगार मागेल का. ती खाली मान घालून म्हणायची, “व्हिसा स्पॉन्सर करणारं कुणी मिळालं नाही.” मी म्हटलं, “खरं आहे ना? मग मान वर करून सांग, आणि पुढचं वाक्य जोड.” तिने ते स्वतःच बांधलं: “व्हिसाची मुदत संपली, मी पुण्यातच काम करायचं ठरवलं आहे, आणि पगार इथल्या फ्रेशरच्या हिशेबाने धरला आहे.”

समकक्षतेचा अर्जही तिने त्याच आठवड्यात भरायला घेतला, पण सेट द्यायची आहे म्हणून. कागद जुळवताना कळलं की दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि ब्रिटिश पदवीवर शेवटी. नावाच्या प्रतिज्ञापत्रासाठी ती तहसीलमध्ये गेली, आणि तिथल्या रांगेत बसूनच दोन कंपन्यांना अर्ज पाठवल्याचा मेसेज मला आला.