मीटर 6.8, रिपोर्ट 7.2: आकडे सारखे का नाहीत?

प्रश्न: ठाण्यातल्या लॅबमध्ये बाबांचं एचबीएवनसी 7.2 आलं. भावाने लंडनहून आणलेलं साखर मोजायचं मीटर सकाळी उपाशीपोटी 6.8 दाखवतं. म्हणजे जुळतंच ना?

उत्तर: नाही, हे दोन वेगळ्या मापांतले आकडे आहेत. मीटरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बारीक अक्षरात mmol/L दिसेल. त्याला 18 ने गुणा: 6.8 × 18 = 122, ही आपल्याकडची mg/dL मधली साखर. उलट करायचं तर 18 ने भागा.

7.2 मात्र टक्के आहेत: रक्तातल्या किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे ते, साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांचं. त्यावरून सरासरी साखर अशी काढतात:

28.7 × 7.2 − 46.7 = 160 mg/dL

म्हणजे बाबांच्या मीटरवर 8.9. सकाळी 122 आणि सरासरी 160, तर साखर बहुधा जेवणानंतर चढतेय. दुपारच्या जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजून बघा. उपाशीपोटीच्या आकड्यात हे कधीच दिसणार नाही.

एक मात्र आवर्जून सांगतो, हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं जास्त येऊ शकतं; नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो आकडा धरूच नका. आणि मीटरवरचा 6.8 पाहून गोळ्या स्वतःहून कमी करू नका, आधी डॉक्टरांना दोन्ही आकडे मापासकट दाखवा.