दुसरी सवलत कशावर मोजली जाते

प्रश्न: साड्यांच्या सेलमध्ये "50% + 20% सूट" अशी पाटी होती. 3000 ची साडी 70% कमी होऊन 900 ला मिळेल असं धरून गेलो, तर बिल 1200 चं झालं. दुकानदार म्हणतो हिशेब बरोबर आहे. मग 50 आणि 20 मिळून 70 का होत नाहीत?

उत्तर:

दुकानदाराचा हिशेब बरोबर आहे. तरीही आपली शंका रास्त आहे, कारण पाटीवरचे अधिकचे चिन्ह बेरीज सुचवते आणि बिल मात्र गुणाकाराने होते.

टक्का नेहमी कशाचा तरी असतो. आपल्या साडीवरचे पहिले 50 टक्के 3000 रुपयांचे आहेत, म्हणून 1500 रुपये कमी झाले आणि साडीची किंमत 1500 उरली. दुसरे 20 टक्के या उरलेल्या 1500 चे आहेत, म्हणून आणखी 300 कमी झाले आणि बिल 1200 चे झाले. 50 आणि 20 या आकड्यांची बेरीज करताना आपण दोन्ही टक्के 3000 चेच आहेत असे धरले, आणि म्हणून दुसऱ्या सवलतीचे 600 रुपये मनात मांडले. प्रत्यक्षात मूळ किमतीच्या मानाने दुसरी सवलत 10 टक्क्यांचीच आहे.

आपल्या अंदाजात आणि बिलात पडलेला 300 रुपयांचा फरक नेमका कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या सवलतीने जे 1500 रुपये माफ झाले, ते आपण कधी देणारच नव्हतो. बेरीज करताना त्या माफ झालेल्या 1500 वरही आपण 20 टक्के सवलत मागतो, आणि 1500 चे 20 टक्के म्हणजे बरोबर 300. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, बेरजेत त्या रकमेचा एक भाग दोनदा वजा होतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुलांच्या वहीतला आलेखाचा कागद घ्यावा आणि त्यावर दहा बाय दहाचा चौरस आखावा. त्यातले शंभर चौकोन म्हणजे साडीची पूर्ण किंमत, आणि एक चौकोन म्हणजे तिचा एक टक्का. आता डावीकडचे पाच उभे स्तंभ पेन्सिलीने भरावेत. हे 50 चौकोन पहिल्या सवलतीचे. त्यानंतर खालच्या दोन आडव्या ओळी दुसऱ्या रंगाने भराव्यात. हे 20 चौकोन दुसऱ्या सवलतीचे. खालच्या डाव्या कोपऱ्यात 10 चौकोन असे दिसतील की ज्यांवर दोन्ही रंग चढले आहेत. 50 आणि 20 यांची बेरीज या दहा चौकोनांना दोनदा मोजते, पण कागदावर ते एकदाच आहेत. रंगलेले चौकोन मोजले तर 60 भरतात आणि कोरे 40 उरतात. 3000 चे 40 टक्के म्हणजे आपले 1200 रुपये.

यावरून कोणत्याही दोन सवलतींसाठी तोंडी करता येईल असा नियम मिळतो. दोन्ही टक्क्यांची बेरीज करावी आणि तिच्यातून त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करावा. 50 आणि 20 यांचा गुणाकार 1000, त्याचा शंभरावा भाग 10, आणि 70 मधून 10 गेले की 60 उरतात. हा वजा होणारा भाग सवलती लहान असतील तर नगण्य असतो: 5 आणि 2 टक्क्यांची खरी सवलत 6.9 टक्के येते, आणि हा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच बेरजेची सवय लागते, आणि सेलमध्ये मोठे आकडे आले की तीच सवय अंगाशी येते. बेरीज मुळातच चुकीची आहे हे पटवून घ्यायचे असेल तर 50 अधिक 50 घेऊन पाहावे. बेरजेने साडी फुकट मिळायला हवी. 60 अधिक 50 असेल तर दुकानदारानेच आपल्याला वर पैसे द्यायला हवेत. प्रत्यक्षात 50 अधिक 50 म्हणजे निम्म्याचे निम्मे, अर्थात 75 टक्के सवलत.

मी गेली अनेक वर्षे प्लंबिंगच्या सामानाच्या एका घाऊक दुकानात हिशेब सांभाळतो, आणि आमच्या धंद्यात तर एकामागोमाग एक येणारे डिस्काउंट हा रोजचा व्यवहार आहे. कंपनीचे भावपत्रक असते, ज्याला सगळे 'लिस्ट' म्हणतात, आणि त्यावर फोनवरून "पन्नास, दहा, पाच" असे सांगितले जाते. पन्नास टक्के नेहमीचे व्यापारी डिस्काउंट, दहा टक्के मोठ्या मालावरच्या स्कीमचे, आणि पाच टक्के रोख पैसे दिल्याबद्दलचे, ज्याला बाजारात 'सीडी' म्हणतात. हे तीन आकडे वेगळे ठेवण्यामागे कारण आहे. प्रत्येक डिस्काउंट वेगळ्या अटीवर मिळते, त्यामुळे एखादी अट मोडली तर बाकीच्यांना हात न लावता तेवढेच काढून घेता येते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका ठेकेदारासाठी कोटेशन तयार केले. लिस्टप्रमाणे माल 80,000 रुपयांचा होता. मी पन्नास, दहा आणि पाच यांची बेरीज करून 65 टक्के वजा केले आणि 28,000 रुपयांचा नेट भाव लिहून पाठवला. ठेकेदाराने त्याच संध्याकाळी ऑर्डर पक्की केली. दुसऱ्या दिवशी मालकांनी कागद पाहिला आणि काही न बोलता त्याच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: 80,000 चे निम्मे 40,000, त्यातून दहा टक्के गेले की 36,000, आणि त्यातून पाच टक्के गेले की 34,200. खरे एकूण डिस्काउंट 57.25 टक्के होते, आणि मी 6,200 रुपये कमी लावले होते. आमची स्वतःची खरेदीच त्या भावाच्या वर होती. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून मालकांनी माल त्याच भावाला दिला. तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात दाखवतो.

त्या दिवसापासून मी वजाबाकी करणे सोडले आणि उरलेल्या भागांचा गुणाकार करू लागलो. पन्नास गेले की 0.50 उरते, दहा गेले की 0.90, पाच गेले की 0.95. कॅल्क्युलेटरवर 80000 × 0.50 × 0.90 × 0.95 असे सलग दाबले की 34,200 समोर येतात. या पद्धतीने आणखी एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते: गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. आपल्या साडीवर आधी 20 टक्के लावले असते तर 2400 झाले असते आणि त्याचे निम्मे 1200 च आले असते. त्यामुळे टक्क्यांच्या दोन सवलतींपैकी कोणती आधी लावली यावरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

क्रमाने उत्तर बदलत नाही, पण प्रत्येक डिस्काउंटचे रुपयांतले मोल मात्र त्याच्या जागेवर अवलंबून असते, आणि घाऊक व्यवहारात हे कळणे फार उपयोगाचे आहे. वरच्या उदाहरणात ठेकेदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत आणि सीडीचे पाच टक्के गेले, तर त्याला 34,200 ऐवजी 36,000 द्यावे लागतात. 'पाच टक्के' गेले म्हणजे 80,000 चे पाच टक्के, अर्थात 4,000 रुपये गेले, असे अनेक जण धरून चालतात; प्रत्यक्षात 1,800 रुपये जातात, म्हणजे लिस्टच्या सव्वादोन टक्के. साखळीत जितके मागे, तितका टक्का लहान रकमेवर लागतो.

बिल बनवणाऱ्याला येथे एक अडचण येते. अनेक बिलांमध्ये डिस्काउंटचा रकाना एकच असतो आणि तीन आकडे त्यात बसत नाहीत, म्हणून तेथे एकत्रित 57.25 भरावे लागते. तो आकडा सोयीसाठी 57 केला तर 80,000 च्या मालावर 200 रुपयांचा फरक पडतो आणि दोन्हीकडची खाती जुळत नाहीत. बिलात दाखवलेले हे डिस्काउंट वजा करून जी रक्कम उरते तिच्यावर जीएसटी लागतो. आमच्या या मालावर तो 18 टक्के आहे, म्हणून 34,200 वर 6,156 रुपये कर येतो आणि बिल 40,356 चे होते. किरकोळ दुकानातली एमआरपी सर्व करांसह छापलेली असते, त्यामुळे आपल्या 1200 रुपयांच्या बिलात कर आधीच धरलेला आहे.

एका बाबतीत मात्र क्रमाला महत्त्व येते, आणि ती म्हणजे टक्क्यांच्या सवलतीबरोबर ठरावीक रुपयांचे कूपन असणे. समजा, त्याच साडीवर 50 टक्के सवलत आणि 200 रुपयांचे कूपन आहे. आधी निम्मी किंमत केली आणि मग कूपन वापरले, तर 1300 द्यावे लागतात. आधी कूपन वापरले तर 2800 उरतात आणि त्याचे निम्मे 1400 होतात. दुसऱ्या क्रमात कूपनवरसुद्धा सवलत कापली जाते आणि 200 चे कूपन 100 चेच ठरते. अशा वेळी कूपन शेवटी लावायला सांगावे. काही ठिकाणी तसे करता येत नाही, पण विचारायला हरकत नसते.

आता आपल्या पाटीकडे येतो. "50% + 20%" ही लिहिण्याची पद्धत व्यापारात रुळलेली आहे आणि तिचा अर्थ एकामागोमाग एक असाच घेतला जातो, म्हणून दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. परंतु हा अर्थ व्यापाऱ्याला ठाऊक असतो, गिऱ्हाईकाला नसतो, आणि किरकोळ दुकानाच्या पाटीवर 'एकूण 60%' असे स्वच्छ लिहिले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. पाटीवर 'एकूण 70% सूट' असे लिहिलेले असते, किंवा दोन्ही सवलती एमआरपीवर आहेत असे स्पष्ट म्हटलेले असते, तर दोन्ही टक्के 3000 चेच ठरले असते, बेरीज योग्य झाली असती आणि साडी 900 रुपयांनाच मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क होता. म्हणून पुढच्या वेळी पाटीवर अधिकचे चिन्ह दिसले, तर साडी बांधायला देण्याआधी विचारावे की दुसरी सवलत छापील किमतीवर आहे की कमी झालेल्या किमतीवर.