४४ तासांचा आठवडा आणि शुक्रवारची दुपार

"सोलापुरात बसून एका अमेरिकन कंपनीचं पेरोल करतो. तिथले लोक सोमवार ते गुरुवार ९ तास, शुक्रवारी ८ तास आणि एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी सुट्टी असं काम करतात. एका आठवड्यात ४४ तास भरतात, दुसऱ्यात ३६. वरच्या ४ तासांचा ओव्हरटाइम द्यायचा, की दोन्ही मिळून ८० होतात म्हणून सोडायचा?"

दोन आठवड्यांची बेरीज करून मात्र सोडू नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ताशी पगारावरच्या माणसाचा हिशोब प्रत्येक आठवड्याचा स्वतंत्र असतो. ४० तासांच्या वर गेला की दीडपट, मग पुढच्या आठवड्यात तो ३६ तास का येईना. पण ४४ दिसले म्हणून लगेच ४ तास लावूही नका. आधी क्लायंटला विचारा की त्यांचा आठवडा कुठे सुरू होतो.

मी पूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हजेरीपत्रक बघायचो. तिथे १९४८ च्या कारखाने कायद्याची सवय होती: दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या पुढे दुप्पट, आणि आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू. त्यामुळे आठवडा दिवसाच्या मधोमध सुरू होऊ शकतो हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. अमेरिकेत तो सलग १६८ तासांचा हवा आणि कायम ठरलेला हवा, एवढंच. सुरुवात कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी चालते.

म्हणून अशा कंपन्या आठवडा शुक्रवारी दुपारी १२ ला सुरू करतात. कामाच्या शुक्रवारचे सकाळचे ४ तास आधीच्या सोमवार ते गुरुवारच्या ३६ तासांना जोडले जातात, झाले ४०. दुपारचे ४ पुढच्या ३६ ला जोडले जातात, तेही ४०. ओव्हरटाइम शून्य. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आठवडा रविवार ते शनिवार असाच लावलेला असेल, तर ४४ तिथूनच येतात. मात्र कंपनीनेच खरोखर रविवार ते शनिवार असा आठवडा ठरवला असेल, तर ते ४ तास ओव्हरटाइमचेच आहेत आणि माणसाला मिळायलाच हवेत.

आता खरी काळजी शुक्रवारच्या पंचिंगची. माझ्याकडे एका क्लायंटची माणसं ८ ला येत, साडेअकराला जेवायला जात, १२ ला परतत आणि साडेचारला निघत. दिवस बरोबर ८ तासांचा, पण १२ च्या आधी साडेतीनच तास. म्हणजे एक आठवडा साडेएकोणचाळीस आणि पुढचा साडेचाळीस. दर पंधरवड्याला प्रत्येकाचा अर्धा तास ओव्हरटाइम होत होता आणि एकूण ८० दिसत असल्याने कुणाच्या लक्षात येत नव्हतं. ताशी २० डॉलरवाल्याला त्या अर्ध्या तासाचे १० ऐवजी १५ डॉलर मिळायला हवे होते. रक्कम लहान आहे, पण ती त्या माणसाची आहे. मागचा फरक काढून दिला आणि शुक्रवारचं जेवण साडेबारावर नेलं. आठवड्याची सुरुवात हलवूनही हे जुळलं असतं, पण तो बदल कायमचा करावा लागतो. ओव्हरटाइम टाळायला कधी इकडे, कधी तिकडे सरकवणं चालत नाही.

दुसरी अडचण सुट्टीच्या अदलाबदलीची. समजा एकाने कामाच्या शुक्रवारी सुट्टी घेतली आणि बदल्यात पुढच्या, म्हणजे सुट्टीच्या शुक्रवारी ८ तास भरले. वरवर फिटंफाट. पण पहिल्या आठवड्यात त्याचे ३६ तास होतात, दुसऱ्यात ४०. आणि तिसऱ्यात? बदललेल्या शुक्रवारच्या दुपारचे ४, सोमवार ते गुरुवारचे ३६ आणि नेहमीच्या कामाच्या शुक्रवारच्या सकाळचे ४, असे ४४. ओव्हरटाइम निघतो तो अदलाबदल केलेल्या पंधरवड्यात नाही, त्यानंतर. म्हणून अशी अदलाबदल दिसली की मी पुढच्या आठवड्याचं टाइमशीट आधीच उघडून बघतो.

हे १२ वाजणं कर्मचाऱ्याच्या गावच्या घड्याळाचं. शिकागोत शुक्रवारी दुपारचे १२ वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा असतात. टाइमशीटचा एक्सपोर्ट भारतीय वेळेत येत असेल तर आपल्या १२ वर तास तोडलेत की सगळंच चुकतं.

आणि माणसं कॅलिफोर्नियात असतील तर एवढ्यावर भागत नाही. तिथे दिवसाला ८ तासांच्या पुढेही ओव्हरटाइम लागतो, म्हणजे रोजचा नववा तासच अडकतो. त्यातून सूट हवी तर त्या विभागातल्या कामगारांचं गुप्त मतदान होऊन किमान दोन-तृतीयांश लोकांनी हे वेळापत्रक मान्य केलेलं असावं लागतं. ते झालं आहे का, हे क्लायंटकडून लेखी मागवा आणि तोवर नववा तास दीडपटीनेच धरा.