साडेचारशेचा आकडा नको, नावं मागा

*ताई, माझ्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात धरलंय. आम्ही ठाण्याचे, पाचपाखाडीत राहतो. मुलाकडचे खारघरला, मूळ गाव साताऱ्याकडे. मुलांनीच एकमेकांना पसंत केलंय, साखरपुडाही झाला, आता हॉलवरून बोलणी अडलीत. व्याही म्हणतात, सगळा खर्च निम्मा-निम्मा. पण त्यांची माणसं ४५०, आमची १५०. ताटाचा भाव ७०० रुपये. हॉल, सजावट, फोटो, गुरुजी मिळून ३ लाख ६० हजार. भावोजी म्हणतात, 'त्यांच्या अख्ख्या गावाला मी का जेवू घालू?' त्यात विहीणबाईंनी मानाच्या साड्यांचा विषय काढला आणि माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्हीकडून निरोप आलाय, 'मामा, तुम्हीच मध्ये पडा.' पुढच्या रविवारी बैठक आहे. काय बोलू?*
*– एक मामा, ठाणे*

मामा,

पहिलं काम म्हणजे रविवारची बैठक आठवडाभर पुढे ढकला. दोन बाप चार नातेवाइकांसमोर बसले की दोघांनाही आपला शब्द राखायचा असतो, आणि मग एकानेही शंभर माणसं कमी केली तर ती हार वाटते.

दुसरं, एकट्याने मध्ये पडू नका. आज व्याही तुम्हाला मान देतायत, पण त्यांच्या खिशाला लागेल असं एक वाक्य तुमच्या तोंडून आलं की 'शेवटी मामा मुलीचाच' हे ठरलेलं आहे. आणि ते खोटंही नाही. तेव्हा तिकडचाही एक वडीलधारा माणूस जोडीला घ्या. प्रत्येक घरात असा एक असतो, थोरले काका नाहीतर आत्याचे यजमान, ज्यांच्यापुढे मुलाचे वडील आवाज चढवत नाहीत. तो कोण, हे मुलालाच विचारा. मग तुम्ही दोघंच ऐरोलीला किंवा वाशीला कुठेतरी चहाला बसा. 'मी मुलीकडचा, तुम्ही मुलाकडचे, आपापल्या माणसांना आपण आवरायचं' एवढं बोलून सुरुवात केलीत की बरंच काम होतं.

त्याआधी भाची आणि जावईबापूंशी तासभर बोला. त्यांचे मित्रमैत्रिणी किती आणि ते स्वतः किती पैसे घालणार, एवढंच विचारा. ते घालणार असतील तर फोटो-व्हिडिओसारख्या एखाद्या ठरावीक खर्चाला घालू दे. मोघम रक्कम दिली तर ती ज्याची यादी मोठी त्याच्या ताटांत विरघळून जाते, आणि पोरांना कळतही नाही.

आता त्या साडेचारशेकडे येऊ. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, तो तोंडातून निघालेला असतो. काकांना सांगा, 'आकडा राहू दे, नावं लिहून आणा. आम्हीही आणतो.' प्रत्येक नावापुढे एक खूण करायची. चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांना आमंत्रण. जोडी, म्हणजे नवरा-बायको. आणि घरटी एक. गावाकडे हे तिन्ही प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आलेत, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. घोळ होतो तो शहरात, कारण छापील पत्रिकेवर सगळ्यांनाच 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिलेलं असतं आणि मग यादी करणारा प्रत्येक नावाला पाचने गुणतो.

अशा घरांच्या याद्या बऱ्याच पाहिल्यामुळे अंदाज करते. समजा ४५० मध्ये जवळचे नातेवाईक १६०, खारघरची सोसायटी आणि ऑफिस मिळून ९०, आणि उरलेली २०० माणसं म्हणजे गावाकडची भावकी, ४० घरं. या ४० घरांना ठाण्याच्या लग्नाला घरटी एक बोलावलं की २०० ची ४० होतात. बाकीच्यांना डावलायचं नाही. लग्नानंतर नवरा-नवरी कुलदैवताला आणि गावी जाणारच आहेत. तिथे सत्यनारायण घालून गावजेवण द्यायचं. खरं सांगायचं तर गावाकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेच हवं असतं. पहाटे निघून घाटातून ठाण्याला यायचं, हॉलमध्ये अर्धा तास खुर्चीवर बसायचं, बुफेची रांग लावायची आणि रात्री उशिरा परत पोचायचं, यात नवरीचं तोंडही नीट दिसत नाही.

असं केलं तर मुलाकडचे २९० आणि तुमचे १५०, एकूण ४४० ताटं. यापुढचा नियम साधा ठेवा: ज्याची माणसं, त्याची ताटं, जे दोघांचं मिळून आहे, ते निम्मं-निम्मं. समाईक ३ लाख ६० हजारांचे प्रत्येकी १ लाख ८० हजार. तुमच्या १५० ताटांचे १ लाख ५ हजार, म्हणजे भावोजींचे एकूण २ लाख ८५ हजार. त्यांच्या २९० ताटांचे २ लाख ३ हजार, म्हणजे व्याह्यांचे एकूण ३ लाख ८३ हजार.

आता व्याह्यांचा मूळ हिशेब शेजारी मांडा. ६०० ताटांचे ४ लाख २० हजार, त्यात समाईक मिळवून ७ लाख ८० हजार, त्याचे निम्मे ३ लाख ९० हजार. म्हणजे जे ते स्वतःहून द्यायला तयार होते, त्यापेक्षा ७ हजार कमीच लागतायत, आणि तुमच्या भावोजींचे १ लाख ५ हजार वाचतायत. गावजेवणाचा खर्च त्यांचा वेगळा, हे लपवू नका. पण तिथे आचारी गावातला, वाढायला भावकीतली पोरं आणि मांडव दारात, त्यामुळे ताटाला ७०० काही लागत नाहीत. हा हिशेब तुम्ही मांडू नका, काकांना मांडू द्या. आपल्या माणसाच्या हातचा कागद लोक शांतपणे वाचतात.

भावोजी इथे एक मुद्दा नक्की काढतील: त्यांची माणसं जास्त म्हणून हॉल मोठा घ्यावा लागला, तर भाड्यातला फरकही त्यांनीच द्यावा. मुद्दा बरोबर आहे, तरी सोडून द्यायला सांगा. लाखभर वाचवून वर हॉलच्या भाड्यावर घासाघीस केली तर काकांना घरी जाऊन काही सांगायला उरत नाही. उलट भावोजींची यादीही तपासा. १५० हा आकडा त्यांनी ऑफिसमधल्या लोकांची नावं मनातल्या मनात खोडून गाठला असेल, तर ते आत्ताच बोलू देत. लग्नानंतर 'मी माझ्या माणसांना बोलावलं नाही' हे वाक्य भाचीला वर्षानुवर्षं ऐकावं लागतं.

केटररकडे एक गोष्ट पक्की करा. तो गॅरंटीचा आकडा मागतो. तेवढ्या ताटांचे पैसे माणसं कमी आली तरी द्यावे लागतात, आणि जास्त आली तर वरची ताटं वेगळी मोजतो. गॅरंटी किती दिवस आधी द्यायची ते विचारून घ्या आणि दोन्ही बाजूंनी आपापला आकडा लेखी द्या. वरच्या ताटांवरून लग्नानंतर भांडण होतं, कारण ती कोणाची माणसं होती हे कोणी सांगू शकत नाही. ती याद्यांच्या प्रमाणात वाटून घ्यायची, असं आधीच ठरवा. तुमच्या बाबतीत २९ आणि १५, म्हणजे ढोबळमानाने दोनास एक. ७०० च्या भावात जीएसटी धरलाय का, तेही विचारा. (आणि मुहूर्त रविवारी दुपारचा असेल तर ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक बघा, नाहीतर अर्धं खारघर मंगलाष्टकं संपल्यावर पोचेल.)

साड्यांचा विषय पैशाने छोटा आणि मनाने मोठा आहे. पुरुष यादी करून उठतात आणि बायकांनी काय ठरवायचं ते नंतर फोनवर ठरतं, तिथे गडबड होते. तुमची बहीण आणि विहीणबाई दोघीही बैठकीत हव्यात, चहा करायला नव्हे, बोलायला. सुचवून बघा: वराकडच्या बायकांना वराकडच्यांनी नेसवायचं, वधूकडच्यांना वधूकडच्यांनी, विहिणींनी एकमेकींना एकेक साडी द्यायची, दोन्ही एकाच दुकानातून, दोघींनी मिळून जाऊन घेतलेल्या. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापा. विहीणबाई तरी अडून बसल्या तर पाच-सात मानाच्या साड्यांपर्यंत जा, पण तेवढ्याच त्यांच्याकडूनही आल्या पाहिजेत.

एका ठिकाणी मात्र मध्यस्थी थांबवा. लग्न व्हायचं असेल तर इतकं सोनं, इतकी रोकड, फ्लॅटला इतके पैसे, अशी अट पुढे आली तर तो मानपान नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणं, घेणं आणि देणं तिन्ही गुन्हा आहे, म्हणजे भावोजीही सुटत नाहीत. राजीखुशीने दिलेल्या भेटींची यादी ठेवावी, असा नियम १९८५ पासून आहे. वधूला आलेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला आलेल्यांची वराने ठेवायची, आणि दोन्ही याद्यांवर दोघांच्याही सह्या. भाचीला ती करायला लावा, वाद असो वा नसो.

मग ती आठवडाभर पुढे ढकललेली बैठक. तोवर तुमचं आणि काकांचं ठरलेलं असेल, तेव्हा ती खऱ्या अर्थाने याद्यांची बैठक होईल. आपल्याकडे याद्या करून, हळदकुंकू लावून, वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्यायची रीत आहे. साखरपुडा झाला म्हणून ती टाळू नका. माणसं, ताटं, समाईक खर्च, कोणी कुठे किती आगाऊ भरले, तारीख बदलली तर बुडालेली अनामत कोणाची, साड्या, गावजेवण. जे त्या दिवशी ठरलं नाही तेही 'ठरायचं आहे' म्हणून लिहा. दोन प्रती काढा. त्यानंतर कोणाला काही वाढवायचं असेल तर ते फक्त तुमच्या आणि काकांच्या मार्फत. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला व्याह्यांना थेट मेसेज नाही. भावोजींकडून हे आधीच कबूल करून घ्या, कारण पहिला मेसेज बहुधा त्यांचाच जाईल.

आणि व्याही नावं द्यायलाच तयार झाले नाहीत, ४५० वर अडूनच बसले, तर दोन समारंभ करा. लग्न ठाण्यात, लहान हॉलमध्ये, दोन्हीकडची फक्त जवळची माणसं, खर्च निम्मा-निम्मा. रिसेप्शन दुसऱ्या दिवशी खारघरला, त्यांच्या माणसांचं, त्यांच्या खर्चाने. तिथे तुमच्याकडून दहा-वीस जण जातील ते पाहुणे म्हणून. यात एकूण खर्च वाढतो आणि पोरांची दमछाक होते, म्हणून हे पहिल्यांदा सुचवू नका. हॉलची उरलेली रक्कम भरण्याच्या तारखेआधी दोन दिवस हातात ठेवून काकांच्या कानावर घाला.