ग्रुपवर प्लंबरची पोस्ट टिकेल अशी कशी लिहायची

प्रश्न: माझा धाकटा भाऊ प्लंबर आहे. आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक ग्रुपांवर मी त्याची जाहिरात टाकतो, पण अ‍ॅडमिन ती काढून टाकतात. दोन ग्रुपांतून तर मलाच काढलं. स्पॅम वाटू नये अशी पोस्ट कशी लिहावी?

उत्तर:

तुम्हाला काढणाऱ्या जमातीतलाच मी एक. ठाण्यातल्या आमच्या वस्तीच्या दोन ग्रुपांचा काही वर्षांपासून अ‍ॅडमिन आहे, त्यामुळे तुमची पोस्ट न बघताच ती कशी असेल ते सांगतो. एक निळं-केशरी बॅनर, त्यावर पान्याचं चित्र, "सर्व प्रकारची प्लंबिंगची कामे केली जातील, एकदा सेवेची संधी द्या", खाली मोबाइल नंबर आणि हात जोडलेले. बरोबर ना?

यात काही खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. हा माणूस कुठला, कधी येतो, किती घेतो, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शिवाय भावाने पाठवलेलं बॅनर तुम्ही पुढे ढकललंत की वर Forwarded असं बारीक अक्षरात दिसतं. तेवढ्यावरूनच लोक ठरवून टाकतात की हे कुठून तरी आलेलं आहे. आमच्याकडे बरीच माणसं तीन-तीन ग्रुपांत आहेत. एकच बॅनर पाच मिनिटांत तीनदा दिसलं की तक्रार माझ्याकडे येते आणि मी ते उडवतो.

बॅनरचा आणखी एक तोटा आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्लंबर लागतो तो नळ फुटल्यावर, म्हणजे तुमच्या पोस्टनंतर दीड-दोन महिन्यांनी. तेव्हा माणूस ग्रुपच्या शोधात "प्लंबर" किंवा plumber टाइप करतो. चित्रातली अक्षरं त्या शोधात सापडत नाहीत, मजकूर सापडतो. म्हणून पोस्ट मजकुरातच हवी आणि त्यात हा शब्द दोन्ही लिप्यांत एकेकदा यायला हवा.

लिहिण्याआधी ग्रुपच्या नावावर टिचकी मारून वर्णन वाचा. आमच्याकडे नियम आहे की जाहिरात फक्त रविवारी, महिन्यातून एकदा आणि टाकणारा याच भागात राहणारा हवा. काही ठिकाणी खरेदी-विक्रीचा वेगळा ग्रुप असतो, मुख्य ग्रुपवर जाहिरात चालतच नाही. वर्णनात काहीच नसेल तर अ‍ॅडमिनला खासगीत विचारा: "मी अमुक बिल्डिंगमध्ये राहतो, भाऊ प्लंबर आहे, त्याची एक पोस्ट टाकली तर चालेल का? कधी टाकू?" असं विचारणारे इतके थोडे असतात की मी आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही. ज्या दोन ग्रुपांतून काढलंय त्यांच्या अ‍ॅडमिनलाही असाच मेसेज करा, पण दुसऱ्या नंबरवरून परत शिरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं:

"नमस्कार. अ‍ॅडमिनना विचारून ही पोस्ट टाकतोय. माझा धाकटा भाऊ प्लंबर (plumber) आहे, आपल्याच भागात राहतो. नळ गळणं, फ्लशची टाकी वाहत राहणं, बेसिन तुंबणं, गिझरची जोडणी ही कामं करतो. भिंतीच्या आतली गळती आणि वॉटरप्रूफिंग करत नाही. येऊन बघण्याचे 200 रुपये, काम दिलंत तर ते मजुरीतून वजा. सामान तुम्ही आणा किंवा तो आणेल, दुकानाचं बिल देईल. सोमवार ते शनिवार, सकाळी 9 ते संध्याकाळी 7. आधी गळतीचा फोटो पाठवलात तर खर्चाचा अंदाज सांगेल. नंबर: …"

200 हा आकडा मी नमुन्यादाखल घेतलाय, भावाचा जो खरा दर असेल तो लिहा. पण लिहाच. दर नसला की खाली "रेट काय?" "व्हिजिटचे किती?" सुरू होतं. बाकीच्यांचे फोन टुंगटुंग वाजत राहतात आणि पोस्ट चांगली असूनही लोक वैतागतात. "करत नाही" हे वाक्यही काढू नका. "सर्व कामे" म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नाही म्हणणाऱ्यावर ठेवतात. "माझा भाऊ" हेही लपवू नका. मागे एकाने "आम्ही बोलावलं होतं, अप्रतिम काम" असं लिहिलं आणि तासाभरात कोणीतरी विचारलं, "अहो, तो तुमचा मेहुणा ना?" त्या प्लंबरचं काम खरोखर चांगलं होतं, पण आमच्या ग्रुपवर त्याचं नाव परत निघालं नाही.

फेसबुकवर नवीन सभासदाची पोस्ट बऱ्याच ग्रुपांत आधी अ‍ॅडमिनच्या मंजुरीसाठी थांबते. लगेच दिसली नाही म्हणून पुन्हा टाकू नका. एकच मजकूर धडाधड दहा ग्रुपांत चिकटवला तर फेसबुक काही काळ पोस्ट करणंच बंद करतं. एका दिवशी एकच ग्रुप घ्या आणि सुरुवातीला त्या भागाचं नाव घालून वाक्यं थोडी बदला.

आता खरी गोष्ट. महिन्याच्या पोस्टने नंबर लोकांकडे पोचतो, पण कामं येतात ती दुसऱ्याच्या प्रश्नाखाली दिलेल्या उत्तरातून. समजा कोणी लिहिलं, "रात्रभर फ्लशचं पाणी वाहतंय, काय करू?" तिथे "संपर्क करा" असं टाकलंत तर ती पुन्हा जाहिरातच झाली. त्याऐवजी भावाला विचारून असं लिहा: आधी टाकीखालचा अँगल कॉक बंद करा, म्हणजे पाणी थांबेल. मग तो उघडून टाकी भरू द्या आणि झाकण काढून बघा. पाणी आतल्या ओव्हरफ्लोच्या नळीत वरून सांडत असेल तर फ्लोट जास्त वर लागलाय किंवा भरणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. पाणी नळीच्या खालीच आहे आणि तरी वाहतंय, तर तळाचा वॉशर गेला असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची तर टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की तळाचाच वॉशर.

वीसातले काहीजण हे वाचून स्वतःच फ्लोट खाली करतील, भावाचं तेवढं काम बुडेल. बुडू द्या. उरलेले झाकण उघडून बघतील, परत लावतील आणि तुमचा नंबर विचारतील. आणि विचारल्यावर दिलेला नंबर कुठलाही अ‍ॅडमिन काढत नाही.

एक मात्र करू नका. ग्रुपमधले नंबर उचलून एकेकाला खासगी मेसेज पाठवणं. अनोळखी माणसाने मेसेज केला की पडद्यावर ब्लॉक आणि रिपोर्ट समोरच दिसतात. खूप जणांनी रिपोर्ट केलं तर व्हॉट्सअ‍ॅप तो नंबरच बंद करू शकतं, आणि भावाचे जुने गिऱ्हाईक त्याच नंबरवर आहेत. ब्रॉडकास्ट यादीचाही इथे उपयोग नाही, कारण ती ज्यांनी भावाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. त्यापेक्षा काम झाल्यावर भावाने निघताना "नंबर सेव्ह करून ठेवा, काही लागलं तर फोटो पाठवा" एवढं म्हणावं.

कधीतरी ग्रुपवरच तक्रार येईल, "तुमच्या प्लंबरने बसवलेला नळ चार दिवसांत गळला." तिथे वाद घालू नका. "उद्या सकाळी 10 ला येऊन बघतो, पैसे नाही घेणार" असं तिथेच सर्वांसमोर लिहा. दुरुस्त झाल्यावर त्यांनाच एक ओळ टाकायला सांगा. आमच्या ग्रुपवर अशाच एका ओळीनंतर त्या आठवड्यात तिघांनी त्याच प्लंबरचा नंबर मागितला होता.